खंडेनवमीला पूजलेला पेनड्राइव्ह

आमच्या रक्तपेढीत खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. फ्रीज, सेंट्रिफ्यूज, वजनकाटा आणि शेवटी एका लाल कापडावर बॅकअपचा पेनड्राइव्ह. त्याला हळद-कुंकू लागायचं, झेंडूचं फूल वाहिलं जायचं आणि तो परत लोखंडी कपाटात जायचा. बॅकअप नियमित घेतला जात होता. तो परत उघडतो का, हे मात्र कुणी कधी पाहिलं नव्हतं. संगणकाचं काम माझ्याकडे होतं. मी आठवड्यातून दोनदा लातूरहून उदगीरला यायचे, बाकीचे दिवस लातूरला संगणकाचे वर्ग घ्यायचे.

ते साल दुष्काळाचं होतं. लोक गावं सोडून गेले होते, कॉलेजं रिकामी होती, त्यामुळे रक्तदान शिबिरं बंद पडली होती. त्यातच उदगीर जिल्हा व्हावा म्हणून आंदोलन पेटलं होतं. बंद पुकारला की दुकानं बंद ठेवायची हे सगळ्यांना कळत होतं. रक्तपेढी दुकान नाही हे मात्र जमावाला समजावता आलं नाही. अर्धं शटर उघडं दिसलं आणि ते आत घुसले. त्यांनी काचा फोडल्या, आमच्या ऑपरेटरच्या हातावर लोखंडी पाइप घातला, सर्व्हरचा डबा वायरीसकट ओढून रस्त्यावर नेला आणि दगड घालून चेपला. कुणीतरी त्यावर आणि आत फॉर्मच्या गठ्ठ्यांवर रॉकेल ओतून पेटवलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले तेव्हा पायरीसमोर काळा पत्रा पडला होता आणि ऑपरेटर हाताला प्लास्टर घालून बाकावर बसला होता.

"ताई, बॅकअप हाय," तो म्हणाला.

"मग रडतोस कशाला?"

"हात दुखतोय म्हणून."

त्याच दिवशी दुपारी एक बाई आली. ती आली म्हणजे तिच्या रक्ताची नळी आमच्याकडे आली. ती स्वतः समोरच्या दवाखान्यात होती. गावात टँकर आला होता, त्याचा पाइप आधी कुणाच्या विहिरीत सोडायचा यावरून दोन गल्ल्या भिडल्या, आणि कुणाचा तरी कोयता तिच्या पोटात गेला. सर्जन पोट उघडायला तयार होते, पण रक्त हाताशी असल्याशिवाय नाही.

आमच्या डॉक्टरांनी गट तपासला. ओ पॉझिटिव्ह. पिशव्या होत्या. पण जुळवून पाहिल्या तर एकही जुळेना. ओ गटाची प्रत्येक पिशवी तिच्या रक्तात गुठळ्या करत होती. डॉक्टरांनी आणखी एक चाचणी लावली आणि काचपट्टी मला दाखवली, जणू मला त्यातलं कळतं.

"बॉम्बे गट आहे. साध्या चाचणीत ओ सारखा दिसतो. हिला ओ चालत नाही, काहीच चालत नाही. फक्त बॉम्बे."

"आपल्याकडे आहे कुणी?"

"दोघं तरी असावेत. शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतः लिहायला लावलं होतं. मराठीत."

गटाच्या रकान्यात त्या दोघांच्या नावापुढेही ओ पॉझिटिव्हच होतं, कारण यादीत बॉम्बे हा पर्यायच नव्हता. कागदी फॉर्म होते, पण ते शिबिरांच्या गठ्ठ्यांत बांधलेले होते आणि त्या गठ्ठ्यांवर आदल्या दिवशी रॉकेल सांडून पेटलं होतं. शेरा फक्त डेटाबेसमध्ये होता आणि डेटाबेस पेनड्राइव्हवर होता. मी तो माझ्या लॅपटॉपला लावला. कुंकू बोटांना लागलं.

आधी मी फाईलची नक्कल केली. मूळ फाईलला हात लावायचा नाही, हा माझ्या वर्गातला पहिला नियम. मग रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करणं, चालू केलं. पहिल्याच ओळीला थांबलं. मजकुरात शून्याचे बाइट आहेत, असं सांगत होतं. साध्या मजकुराच्या फाईलीत शून्य येतात कुठून? फाईल एडिटरमध्ये उघडली तर खाली एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत, दिसली: यूटीएफ-१६. म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या जोडीला एक रिकामा बाइट. आमचा डेटाबेस यूटीएफ-८ लिहितो.

मी ऑपरेटरकडे वळले. "बॅकअपची कमांड कुठल्या खिडकीत टाइप करत होतास?"

"निळ्या."

"मी काळ्या सांगितली होती."

"नव्या कॉम्प्युटरवर उजवं क्लिक केलं की निळीच येती, ताई. कमांड तुमचीच होती. मला वाटलं रंगच बदललाय."

निळी म्हणजे पॉवरशेल; तिच्यातून जाणारा मजकूर ती आपल्या पद्धतीनं बदलून फाईलीत लिहिते.

तेवढ्यात दार आपटलं. त्या बाईचा भाऊ आत आला, मागे तिघं जण. त्याच्या सदऱ्यावर वाळलेलं रक्त होतं, त्याचं की तिचं कोण जाणे. त्यानं आधी डॉक्टरांची गचांडी धरून त्यांना फ्रीजवर आपटलं.

"भरलेलं फ्रीज दिसतंय की. माझ्या भनीलाच रगत न्हाई? आमची गल्ली बघून ठरवायलात का?"

डॉक्टर बोलायला गेले तर त्यानं त्यांच्या तोंडावर मारलं. चष्मा गेला. मग त्याची काठी माझ्या टेबलावर आली, लॅपटॉपपासून चार बोटांवर. स्क्रीन हादरला.

मी उठले आणि त्याच्या कानाखाली वाजवली. जोरात. माझाच हात झणझणला. त्याच्यासोबतचे तिघं थबकले, कारण बाईमाणसावर हात उचलायचा की नाही याचा निर्णय त्यांना घ्यायचा होता.

"ही काठी चार बोटं इकडं पडली असती तर तुझी बहीण तू मारली असतीस," मी म्हणाले. "तिला चालेल असा माणूस या डब्यात आहे. तो मी काढतेय. काठी इकडं दे आणि खाली बस."

त्यानं काठी दिली. बसला मात्र नाही, माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. त्याचा श्वास मला मानेवर लागत होता. बाहेर कुठंतरी टायर पेटवल्याचा वास येत होता.

नकलेची फाईल मी यूटीएफ-८ मध्ये बदलून परत लावली. आता ती थोडी पुढे गेली आणि दुसऱ्या चुकीवर अडकली. सॉर्टिंगच्या एका नियमाचं नाव माझ्या लॅपटॉपला ओळखू येत नव्हतं. सर्व्हरवर डेटाबेसची नवी आवृत्ती होती, माझ्याकडे वर्गात शिकवायची जुनी. नवी उतरवून घेतली असती, पण बंदमुळे इंटरनेट तोडलं होतं. फोन तेवढे लागत होते. मग नियमाचं नावच बदललं. फाईलभर जिथं जिथं नवं नाव होतं तिथं जुन्या आवृत्तीला कळणारं घातलं. अक्षरांचा क्रम लावण्यात थोडा फरक पडतो, डेटा तोच राहतो. या वेळी फाईल शेवटपर्यंत गेली. एकही चूक नाही.

"झालं?" भाऊ म्हणाला.

मी शेऱ्यात "बॉम्बे" शोधलं. शून्य नोंदी. तक्ता उघडला. इंग्रजीतलं सगळं नीट होतं, मराठीच्या जागी मात्र αñ¼αÑëαñ« असलं काहीतरी, पानंच्या पानं.

"हे काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"तुझ्या बहिणीचं रक्त. गप्प बस."

खरं तर मीही घाबरले होते. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं आली की संपतं. प्रश्नचिन्हातून अक्षर परत येत नाही. पण इथं एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. आणि प्रत्येक तीन खुणांची सुरुवात त्याच अल्फानं होत होती. मराठीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं आणि पहिला बाइट कायम तोच. म्हणजे बाइट हरवले नव्हते. निळ्या खिडकीनं डेटाबेसकडून आलेला प्रत्येक बाइट डॉसच्या काळातल्या चारशे सदतीस क्रमांकाच्या जुन्या अक्षरतक्त्यात पाहिला, तिथं जी खूण होती ती उचलली आणि सगळं यूटीएफ-१६ मध्ये लिहून टाकलं. त्या तक्त्यात प्रत्येक बाइटला स्वतंत्र खूण आहे, दोघांना एक नाही. त्यामुळे उलट्या वाटेनं जाता येतं.

मी मूळ फाईलीची दुसरी नक्कल घेतली. पायथनमध्ये चार ओळींचा प्रोग्राम लिहिला: यूटीएफ-१६ म्हणून वाच, फाईलीच्या तोंडाला चिकटलेली अदृश्य खूण काढ, कारण ती जुन्या तक्त्यात नाही, मग मजकूर चारशे सदतीसच्या तक्त्यानं बाइटांत बदल आणि ते बाइट जसेच्या तसे फाईलीत टाक. नवी फाईल उघडली. पहिल्याच नोंदीत "नायगाव" दिसलं. सॉर्टिंगच्या नियमाचं नाव पुन्हा बदललं, मघाचा बिघडलेला डेटाबेस पुसून रिस्टोअर केलं, "बॉम्बे" शोधलं.

दोन नोंदी आल्या.

पहिला नंबर बंद होता. दुसरा नायगावच्या एका माणसाचा, शाळेतला शिपाई. मी फोन त्या भावाच्या हातात दिला.

"दादा, माझी भन हाय. तुमचंच रगत चालतंय म्हणतेत."

तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. भाऊ म्हणाला, "येतो म्हणाला. गाडीत पेट्रोल हाय का बघतो म्हणाला."

तो मुखेडमार्गे मोटारसायकलनं आला. उदगीरच्या अलीकडे रस्त्यावर आंदोलनवाल्यांनी त्याला अडवलं होतं. रक्त द्यायला चाललोय, असं त्यानं सांगितलं. कोणत्या जिल्ह्याचा, असं त्यांनी विचारलं. नांदेडचा म्हटल्यावर, आमच्या जिल्ह्यात नांदेडचं रगत कशाला, म्हणून दोघांनी पाठीत काठ्या घातल्या आणि गाडीचा दिवा फोडला. एक डोळा सुजून मिटला होता.

डॉक्टरांनी चष्म्याशिवायच त्याचा रक्तदाब घेतला, हिमोग्लोबिन पाहिलं.

"देता येईल का पण? मार बसलाय मला," त्यानं विचारलं.

"मला पण बसलाय," डॉक्टर म्हणाले. "झोपा."

तपासण्या झाल्या, पिशवी जुळली, गुठळी नाही. पिशवी भावानंच रस्ता ओलांडून नेली, दोन्ही हातांनी छातीशी धरून. सर्जननं तीच लावून पोट उघडलं. आतडं शिवलं. बाई जगली. नायगावच्या माणसाला आम्ही चहा-बिस्किट दिलं आणि अंधार पडायच्या आत पोलिसांच्या गाडीमागे परत पाठवलं.

गल्ल्यांतलं भांडण एवढ्यानं थांबलं नाही. पुढचा टँकर आला तेव्हा, कोयता मारणाऱ्याच्या गल्लीतला एक जण डोकं फोडून घेऊन आला. त्याचा गट साधा बी पॉझिटिव्ह होता, पिशव्या होत्या, दिल्या.

बॅकअप आता काळ्या खिडकीतूनच घेतला जातो, आणि फाईलीचं नाव कमांडच्या आतच दिलेलं असतं, म्हणजे खिडकी कुठलीही असो, ती मधे येत नाही. दर महिन्याला तो माझ्या लॅपटॉपवर उघडून "नायगाव" वाचता येतं का ते पाहते. ऑपरेटर अजून खंडेनवमीला पूजा करतो. करू दे.

काही आठवड्यांनी तो भाऊ आला. बहीण घरी गेली, म्हणाला. मग जरा घुटमळला.

"बाई, ती माझी काठी राहिली तुमच्याकडं."

"कशाला हवी?"

"उद्या टँकर हाय," तो म्हणाला. मी काठी दिली नाही. ती अजून तिथंच आहे. लोखंडी कपाटाचं दार जमावानं लाथा घातल्यापासून नीट लागत नाही, म्हणून तिचा टेकू लावून ठेवतो.