वेबसाइटवरचं 'माझ्याविषयी'

मंदीत दुबईतली माझी नोकरी गेली. व्हिसा रद्द झाला होता. महिनाभरात दुसरं काम मिळालं नाही, तर करामा भागातलं बिऱ्हाड गुंडाळून परतावं लागणार होतं.

नोकरीच्या वेबसाइटवर मी स्वतःविषयी लिहिलं, 'ध्येयनिष्ठ, अनुभवी, कुशल इंजिनिअर.'

बायकोने वाचलं. "हा कोण? असं तर सगळेच लिहितात."

"मग काय लिहू?" मी खेकसलो. "इमारतीत पाणी कुठून झिरपतंय ते शोधतो, एवढंच येतं मला. उगाच भिंत फोडलेली बघवत नाही!"

"हेच लिहा."

मी रागारागानेच लिहिलं, 'मी इमारतींमधली गळती शोधतो. भिंत फोडण्याआधी वरच्या मजल्यावरच्या माणसांशी बोलतो. सध्या काम शोधतोय.' शेवटचं वाक्य मला लाजेने पुसायचं होतं. तिने पुसू दिलं नाही.

मुदत संपत आली आणि शारजाच्या एका मराठी कंत्राटदाराचा फोन आला. "ते गळतीवाले तुम्हीच ना? यल्ला, चला, उद्याच या. आमच्या तळघरात पाणी भरतंय."

ती नोकरी मला मिळाली. त्या दिवशी मी वेबसाइट उघडून बायकोपुढे ठेवली, "ते शेवटचं वाक्य आता तूच पूस."