लाभ, दोन, तीन

मला चिडायला फार कारण लागत नाही, आणि मोजणीच्या वेळी तर मुळीच लागत नाही. दहावीच्या परीक्षेला आमची शाळा केंद्र होती आणि मी केंद्रसंचालक. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती दोन वर्षं निर्विघ्न पार पडावीत, एवढीच माझी इच्छा होती.

आमचं केंद्र हातखंब्याकडच्या रस्त्यावर, रत्नागिरी शहरापासून थोडं आत. प्रश्नपत्रिकांची पाकिटं शहरातल्या कस्टडीतून, म्हणजे बोर्डाच्या बंदोबस्तातल्या खोलीतून यायची. ती घेऊन येणाऱ्याचं कागदोपत्री नाव सहायक परिरक्षक, पण आम्ही त्याला रनरच म्हणतो. तो सकाळी गाडीतून सीलबंद थैली आणणार आणि पेपर संपेपर्यंत ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहणार. थैली माझ्यासमोर आणि दोन साक्षीदारांसमोर उघडायची. आतली पाकिटं मात्र उघडायची नाहीत. ती मोजायची, सील बघायचं, वरचा विषय आणि सांकेतांक वाचायचा, यादीवर खूण करायची. एका पाकिटात पंचवीस प्रश्नपत्रिका, एका दालनात पंचवीस मुलं. आमची दालनं आठ, म्हणून पाकिटं आठ. मग उत्तरपत्रिका, पुरवण्या, हजेरीपत्रकं. सगळ्यांत खाली माझी सही.

त्या दिवशी गणित भाग एक होता, म्हणजे बीजगणित. पाकिटं उचलून द्यायला आमचे शिपाईमामा होते. मामा आतल्या गावचे, घरची भातशेती. भात मापताना पहिल्या मापाला आमच्याकडे कुणी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात. पुढे दोन, तीन. मामा खडूसुद्धा तसेच मोजतात. साक्षीला मामांच्या जोडीला कोल्हापूरकडचे एक तरुण सर होते. त्यांनी पहिल्या दिवशी मला हळूच विचारलं होतं, “मॅडम, लाभ म्हणजे नक्की किती?” त्यावर आम्ही दोन दिवस हसत होतो.

मामांनी पहिलं पाकीट उचललं, कपाळाला लावलं, “लाभ,” म्हणाले आणि टेबलावर ठेवलं. आम्हीही नकळत माना लववल्या. मी यादीवर पहिली खूण केली. मग मामा नीट वाचायला लागले. “दोन. गणित भाग एक. सील शाबूत. तीन. गणित भाग एक. सील शाबूत.” असं आठपर्यंत. सर सील बघत होते, मी लेबल बघत होते. यादी पूर्ण झाली. उत्तरपत्रिका बरोबर, पुरवण्या बरोबर, हजेरीपत्रकं आठ. मी सही ठोकली आणि मनात म्हटलं, झालं एकदाचं.

पेपर अकराचा. साडेदहाला मी प्रत्येक दालनात जाऊन सूचना दिल्या. पाकीट दालनात, मुलांसमोरच उघडायचं असतं आणि त्याआधी दोन विद्यार्थ्यांनी त्यावर सही करायची असते. ती सही म्हणजे, सील फुटलेलं नव्हतं याची साक्ष. मुलं काय, मोठ्यांनी दाखवलेल्या जागी सही करून मोकळी होतात. म्हणून मी दरडावलंच, “पाकिटावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करायची नाही. नुसता हात चालवू नका.”

अकराला आठ-नऊ मिनिटं असताना मी तीन नंबरच्या दालनापाशी पोहोचले. तिथे तेच कोल्हापूरचे सर होते. त्यांच्या हातात कात्री तयार. एका मुलाची सही झाली होती आणि दुसऱ्या मुलीने पाकिटावर पेन टेकवून हात आखडता घेतला होता. बारीकशी मुलगी, खाडीकडच्या एका वाडीतून एसटीने येणारी.

“कर ना सही,” सर म्हणत होते.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, ह्यावर भाग दोन हाय. आज भाग एक ना?”

मी पाकीट हातात घेतलं. गणित भाग दोन. पुढच्या पेपरचं पाकीट. सरांची कात्री फिरली असती तर भूमितीचा पेपर पंचवीस मुलांच्या बाकावर गेला असता आणि मुलं बाहेर पडेपर्यंत गावोगावच्या मोबाइलवर. पुन्हा परीक्षा साऱ्यांच्या वाट्याला आली असती, आणि निलंबन माझ्या.

“कात्री खाली ठेवा,” एवढंच मी सरांना म्हणाले. माझा आवाज शांत निघाला, त्याचं मलाच नवल वाटलं.

बाकीची सात पाकिटं मी स्वतः जाऊन वाचली. ती आजचीच होती, त्या दालनांत पेपर वेळेवर सुरू झाला. रनरच्या फोनवरून कस्टडीला कळवलं. तिकडे दोन गठ्ठे शेजारी होते आणि एक पाकीट इकडचं तिकडे गेलं होतं. तिथल्या परिरक्षकांनी विचारलं, “तपासणी यादीवर तुमची सही आहे ना?” आहे, म्हटलं.

भाग एकचं पाकीट यायला पंचवीस मिनिटं गेली. ती पंचवीस मिनिटं मी त्या दालनात उभी राहिले. मुलं चुळबुळत होती. मी त्यांना सांगितलं, तेवढाच वेळ शेवटी मिळेल. वरून परवानगी आली होती आणि तो वेळ त्यांना मिळालाही. भाग दोनचं पाकीट न उघडता, पंचनामा करून रनरकडे परत दिलं.

दुपारी उत्तरपत्रिका हजेरीपत्रकाशी जुळवून गठ्ठे सील झाले, तेव्हा मामा दारात येऊन उभे राहिले. “बाई, माझा चुकला. पयला वाचूचा ऱ्हवला.”

मी मनातल्या मनात सकाळ उलगडून बघत होतेच. ‘लाभ’ म्हणून ठेवलेल्या त्या एकाच पाकिटाचं लेबल कुणी वाचलं नव्हतं. मामांनी नाही, सरांनी नाही, मी तर नाहीच. देवाला हात जोडले की तपासणी झाली, असं आम्ही धरून चाललो होतो. मामांवर ओरडायला माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं. अहवालात लिहिलं, ‘पहिल्या पाकिटावरील मजकूर केंद्रसंचालकांनी वाचला नाही.’ लेखी ताकीद आली. ती वाजवीच होती.

जाताना ती मुलगी फाटकापाशी भेटली. मी तिला विचारलं, “तुला वाचायचं सुचलं कसं गं?”

ती गोंधळली. “तुमीच तर सांगितलात, बाई.”

भाग दोनच्या दिवशी थैली आली. मामांनी पहिलं पाकीट उचललं, कपाळाला लावलं, “लाभ,” म्हणाले. मग चष्मा लावून ते लांब धरलं. “गणित भाग दोन. सील शाबूत.” सरांनी सील पाहिलं, मी लेबल वाचलं. पाचवं पाकीट हातात आलं, तर त्यावर आधीच एका मुलाची सही होती आणि शेजारी एक निळा ठिपका. तेच पाकीट. मी ते तीन नंबरच्या दालनासाठी बाजूला ठेवलं आणि वेळ झाल्यावर स्वतः घेऊन गेले.

मुलीने ते हातात घेतलं आणि सगळं लेबल ओठ हलवत वाचलं. घाई कुणीच केली नाही.

“आज आजचाच हाय, बाई,” ती म्हणाली आणि त्या निळ्या ठिपक्यापासून पुढे तिने आपली सही पूर्ण केली.