बाईचं नुसतं 'हा हा'

भाऊजी गेल्यापासून माझी मोठी बहीण बोलेनाशीच झाली होती. तिला आम्ही बाई म्हणतो. मी गोंदियाहून तिच्या गावी, केशोरीला फोन लावला की होकाराचं 'हव', मग 'जेवली', 'ठेवतो' एवढंच. वर्ष होत आलं होतं. तिचं हसू विसरणं मला फार छळायचं.

हिवाळ्यातल्या एका सकाळी तिच्या नव्या फोनवरून पहिलाच मेसेज आला. इंग्रजी अक्षरांत 'हा हा'. मागे काही नाही, पुढे काही नाही.

नवरा म्हणाला, "हसत नाही ती. 'हां हां' म्हणून राहिली, हिंदीतलं."

आमच्या गोंदियात हा घोळ नेहमीचाच. पण हां म्हणायला आधी कोणी काही विचारावं लागतं, आणि मी तर काहीच विचारलं नव्हतं. म्हणजे हे हसूच!

"मग हसरा चेहरा पाठवून दे ना," तो म्हणाला. ह्या माणसाला सगळंच सोपं वाटतं. मी नुसतीच हसले, तर तिनं पुढे काय लिहायचं? गोष्ट तिथंच संपली असती. 'काय झालं?' तर आपण वाईट बातमीला विचारतो. 'काऊन हासून राहिली?' असं कारण विचारलं, तर तिला वाटलं असतं, मी जाब विचारते आहे. चुकून आला का, असं विचारलं असतं तर बिचारी 'हव' म्हणून पुन्हा गप्प झाली असती. आणि मेसेज उघडल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्या असणार, म्हणजे फार वेळ घालवूनही चालणार नव्हतं.

शेवटी लिहिलं, 'हा हा! मलेबी हासू दे ना व!'

ती लिहीत असल्याचं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. मी चहा तसाच ठेवला. मग आलं:

'थंडी होती मनून त्यायचं स्वेटर घालून वावरात गेली. आपला कुत्रा दुरून पाहून धावत आला, अंगावर उड्या मारल्या. मंग माझं तोंड पायलं आन् माझ्यावरच भुकला, फसवलं मनून. मले हासूच आवरे ना.'

थोड्या वेळानं आणखी एक आला.

'रांडमुंड बाई नवऱ्याच्या स्वेटरवर हासते मनतीन लोकं. तुले सांगाव का नाही समजे ना. मनून पहिले नुसतं हासूनच पाठवलं. तू हासली, मंग सांगतलं.'

दोन अक्षरांत एवढं मावतं, हे मला माहीत नव्हतं. आजही आठवलं की थक्क व्हायला होतं. तेव्हा मी लिहीत बसले नाही. सरळ फोन लावला. तिनं उचलला, आणि 'हव' म्हणायच्या आधी हसली.