न बुडवलेला ब्रश

रंगवाल्या ताईंना खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. "माल उद्या येतोय," हे त्या झोपेतही म्हणाल्या असत्या. पण दुसऱ्याच्या कामाला उगीच नावं ठेवायची नाहीत, एवढा नेम त्यांनी पाळला होता. लग्नाआधी त्या रंगाऱ्यांच्या हाताखाली भिंती घासत. घासकागदाने बोटं गुळगुळीत झालेली. पुढे नवऱ्याबरोबर रंगाचं छोटं दुकान टाकलं, तरी हातांना कामाची किंमत कळत होती.

त्या वर्षी ठोक व्यापाऱ्याने ब्रशचा भाव वाढवला. नवरा म्हणाला, "दुसऱ्याचा भाव आणून त्याच्या नाकासमोर धर. कसा खाली येत नाही बघू."

एका रंगाऱ्याच्या ब्रशच्या मुठीवर छोट्या कारखान्याचा नंबर होता. ताईंनी फोन लावला.

"आमचं दुकान लहान आहे. पहिली ऑर्डर द्यायच्या आधी एक नमुना आणि भावपत्रक मिळेल का?"

"मिळेल की. नमुन्याचे पैसे नाहीत, कुरिअरचं तेवढं तुम्ही बघा. माल कमीत कमी तीन डझन, आणि पहिल्या खेपेला पैसे आधी. चालेल?"

"चालेल," ताई म्हणाल्या. ऑर्डर द्यायची नव्हतीच, त्यामुळे काहीही चाललं असतं.

पार्सल आलं. ताईंनी भावपत्रक काढून घेतलं आणि चार इंची ब्रश पाकिटासकट गल्ल्याखाली सारला. ठोक व्यापाऱ्याने ते भावपत्रक वाचलं, "इतक्या वर्षांची ओळख, आणि हे दाखवता ताई?" म्हणाला आणि मुकाट्याने भाव उतरवला. काम फत्ते झालं.

मग कारखानदाराचा फोन आला. "ब्रश कसा वाटला?"

भाव फक्त दाखवायला हवा होता, हे कसं सांगायचं? ताईंच्या तोंडून निघून गेलं, "केस गळतात हो. भिंतीला चिकटतात."

मग "बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

"सुटलीस," नवरा हसला. ताईंना मात्र जेवण गेलं नाही.

दोन-तीन दिवसांनी एक माणूस खांद्याला पिशवी लावून दुकानात आला. नखांत गोंद सुकलेला. "मी ब्रशवाला. केस गळालेला तो नमुना बघायचाय. चूक कुठे झाली ते सापडत नाहीये."

ताईंनी गल्ल्याखालून ब्रश काढला. पाकीट तसंच बंद होतं.

"हा तर उघडलेलाही नाही."

"तो दुसरा होता. फेकला," नवरा घाईने म्हणाला.

"मी एकच पाठवला होता."

"तुम्ही गप्प बसा हो," ताई नवऱ्याला म्हणाल्या. मग ब्रशवाल्याकडे न बघता बोलल्या, "एकही केस गळला नाही. ब्रश रंगात बुडवलाच नाही. भाव पाडायला तुमचं भावपत्रक वापरलं आणि तुम्हाला नाही म्हणता आलं नाही."

तो रंगाच्या डब्यावर बसला. पिशवीतून त्याने मधोमध कापलेले ब्रश काढले. पत्र्याच्या टोप्या फाडून केसांची मुळं उघडी केलेली.

"गोंद मुळापर्यंत पोचला नाही की केस गळतात. म्हणून त्या लॉटमधले कापत सुटलो. प्रत्येकात गोंद पोचलेला. तरी विश्वास बसेना, पुढचा कापला. सगळा लॉट गेला. बायको म्हणाली, तुमचेच डोळे गेलेत. घरात गोंदावरून भांडण!" तो हसायला गेला, पण ते साधलं नाही. "नाही म्हणाला असतात तर दुसऱ्या दुकानाला फोन केला असता. एवढंच."

ताईंनी एक कापलेला ब्रश हातात घेतला. केस सरळ, एका रेषेत बांधलेले. हे यंत्राने होत नाही, हे त्यांना कळत होतं. "तीन डझन द्या. पैसे आत्ताच देते."

"लाजून दिलेली ऑर्डर नको. ब्रश वापरा. नाही आवडला तर नाही म्हणा. पण वापरून म्हणा."

कापलेले ब्रश पिशवीत भरून तो गेला. चहासुद्धा घेतला नाही.

ताईंनी पाकीट फोडलं, पदर खोचला आणि दुकानामागची पोपडे आलेली भिंत घासून रंगवायला घेतली. नवरा डबा धरून उभा राहिला. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही. भिंत झाल्यावर ताईंनी ब्रश धुतला, झटकला, वाकवून पाहिला आणि मगच फोन लावला.

"पहिल्या हाताला दोन केस आले. नंतर एकही नाही."

"नव्या ब्रशचे येतात तेवढे."

"भिंत चांगली उतरली. व्यापाऱ्याने आता उतरवलेल्या भावापेक्षा थोडा जास्त पडतोय तुमचा, पण मला हाच हवाय. तीन डझन."

"पाठवतो," तो म्हणाला. "वेळ लागेल मात्र. तयार होते ते कापले ना."

ताईंनी फोन ठेवला.

"कधी येतोय माल?" नवऱ्याने विचारलं.

"तो बांधेल तेव्हा," ताई म्हणाल्या. त्या आठवड्यात ज्याने ज्याने ब्रश मागितला, त्याला त्यांनी "उद्या येतोय" म्हटलं नाही.