चोवीस कार्डं

आमच्या संघटनेत तिला सगळे चिमटामावशी म्हणतात. सोन्याची बिस्किटं पाडणाऱ्या कारखान्यात ती अकरा वर्षं पॅकिंगला आहे. चिमट्याने बिस्कीट उचलायचं, प्लास्टिकच्या कार्डातल्या खाचेत बसवायचं, बिस्किटावरचा नंबर कार्डावरच्या नंबराशी ताडून बघायचा आणि यंत्राखाली कार्ड दाबून सीलबंद करायचं. एक ग्रॅमचं बिस्कीट करंगळीच्या नखाएवढं. तिच्या चिमट्यातून आजवर एकही निसटलेलं नाही. उलट मुकादमाच्या हातून पडलेलं एकदा तिनेच फरशीच्या भेगेतून काढून दिलं आणि वर ऐकवलं, "साहेब, पगार तुमचा मोठा, पण बोटं माझी बारीक."

मजुरी कार्डावर. जितकी कार्डं, तितके पैसे. गेल्या वर्षी तो दर वाढवून घ्यायला आम्ही नऊ दिवस कारखान्याच्या फाटकाबाहेर बसलो. घोषणा मी द्यायचो, पाण्याची बाटली मावशी पुढे करायची. दर वाढला. त्या विजयाचा हार मी घालून घेतला, खोटं कशाला बोलू?

मावशीचे वडील चौथ्या मजल्यावरच्या खोलीत राहतात, तिच्याजवळच. गुडघे गेले. इमारतीला लिफ्ट नाही. दोन वर्षांत म्हातारा एकदाच खाली उतरला, तोही खुर्चीत बसवून, चौघांच्या खांद्यावरून. "वरात निघाली माझी," तेव्हा तो म्हणाला होता. तेव्हापासून मावशीच्या डोक्यात एकच गोष्ट होती, तळमजल्यावरची खोली. त्यासाठी ती दर महिन्याला कारखान्याच्या विक्रीच्या खिडकीवरून एक ग्रॅमचं एक कार्ड घ्यायची. रोख रक्कम घरात टिकत नाही. कुणीतरी आजारी पडतं, कुणाची तरी फी येते. "बिस्किटाचा तुकडा मोडून भाजी आणता येत नाही ना भाऊ, म्हणून ते राहतं," असं ती म्हणायची.

चोवीस कार्डं झाली आणि त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीतली तळमजल्याची खोली रिकामी झाली. दाराला पायरीसुद्धा नाही. मालकाने सांगितलं, पूर्ण डिपॉझिट संध्याकाळी सहापर्यंत द्या, दुसरं कुटुंब थांबलंय. मावशीने खिडकीवरच्या यादीत एक ग्रॅमच्या कार्डाचा त्या दिवशीचा भाव बघितला, त्याला चोवीसने गुणलं. आकडा डिपॉझिटाएवढा भरला, वर टेम्पोचं भाडंही सुटत होतं. अकरा वर्षं जी यादी रोज डोळ्यांसमोर लटकली होती, तिच्यावर ती विसंबली. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दुपारी दोनला आम्ही दोघं सोनं विकत घेणाऱ्या पेढीत गेलो. काउंटरवर पारखी होता, कपाळावर भिंग चढवलेला. त्याने मावशीच्या परवानगीने पहिलं कार्ड कात्रीने कापलं. बिस्कीट यंत्रावर तपासलं, काट्यावर ठेवलं, नंबर लिहून घेतला.

"माल चोख आहे," म्हणाला. आणि भाव सांगितला.

मी गुणाकार केला. परत केला. चोवीस कार्डांचे एकवीस कार्डांएवढेच पैसे होत होते.

"तीन कार्डं कुठे गेली?" मी विचारलं. आवाज चढलेलाच होता.

"कुठेच गेली नाहीत. मी ग्रॅमाचे पैसे देतो, साहेब. आजच्या भावातून आटणीचा खर्च आणि आमचं थोडं वजा."

"आणि यादीवरचा भाव? तो काय भिंत रंगवायला लावलाय?"

"तो विकण्याचा भाव. तो कार्डाचा असतो."

मी काउंटरवर हात आपटला. फोटो काढीन, बोर्ड लावीन, उद्या इथे पन्नास बायका बसवीन, असं बरंच बोललो. तो आपला भिंग पुसत राहिला. मग मावशीकडे वळला. "बाई, तुम्ही कारखान्यातल्या ना? तुम्हीच सांगा यांना. पन्नास ग्रॅमचं एक बिस्कीट करायला काय काय लागतं?"

मावशी हळू आवाजात बोलू लागली. सोनं ओतायचं. ठसा मारायचा. वजन करायचं. नंबर कोरायचा. तपासायचं. कार्डात घालून सील करायचं.

"आणि पन्नास ग्रॅम सोन्याची एक-एक ग्रॅमची करायची झाली तर?"

"तेच. पन्नास वेळा. वर पत्रा लाटावा लागतो. तुकडे कापले की उरलेली जाळी परत वितळवायची. वजन कमी भरलं तर तुकडा बाद, म्हणून प्रत्येक तुकड्यात केसभर जास्त सोनं सोडतात. पन्नास तुकड्यांत पन्नास केस."

"नाण्यांचंही तसंच," पारखी म्हणाला. "सील करायची मजुरी कशावर?"

"कार्डावर."

"पन्नास ग्रॅमच्या कार्डाला जास्त मिळते?"

"नाही. सारखीच."

"मग ती मजुरी तिकडे पन्नास ग्रॅमवर पसरते, इकडे एकाच ग्रॅमवर बसते. पन्नासवाल्याला सोन्यावर शंभराला दोन जास्त पडतात, तुम्हाला बारा पडले. आणि विकताना मेहनत कुणी विकत घेत नाही. मी हे आटवणार, त्यात ठसाही गेला, नंबरही गेला."

"जसंच्या तसं विका ना पुढे," मी म्हणालो.

"जुनं, घासलेलं कार्ड गिऱ्हाईक घेत नाही. समोर कोरं पडलेलं असताना कोण घेईल?"

मावशी कापलेल्या कार्डाचे दोन तुकडे हातात घेऊन बघत होती. "हे माझंच आहे," ती म्हणाली. "डाव्या कोपऱ्यात दाब जरा जास्त बसतो माझा." मग माझ्याकडे बघून हसली. ते हसणं मला अजून आठवतं. "भाऊ, म्हणजे आपण नऊ दिवस बसून जी वाढवली, ती माझीच मजुरी मी पण भरली की. वाढल्यानंतर दर महिन्याला."

माझ्या तोंडात शिव्या तयार असतात, फक्त समोर माणूस लागतो. इथे कुणाला देऊ? मावशीची मजुरी कमी करा म्हणू?

"दर महिन्याला एक घेण्यापेक्षा मोठं घ्यायचं होतं," पारखी म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं.

"मोठं घ्यायला मोठे पैसे लागतात, दादा."

पेढीच्या पायरीवरून तिने खोलीच्या मालकाला फोन लावला. तीन महिन्यांत बाकीचे देते म्हणाली. तो म्हणाला, ताई, मला वाईट वाटतं, पण सहा वाजता जो पूर्ण देईल त्याला किल्ली. संघटनेची पेटी वकिलाच्या फीत महिन्यापूर्वीच रिकामी झाली होती. मी चार ठिकाणी फोन लावले. दोघांनी उचललेच नाहीत, दोघांनी महिनाअखेर सांगितली. ओळखीपाळखीत कार्डाच्या भावाने खपव, असंही मी सुचवलं. ती म्हणाली, "आणि उद्या त्यांना विकायची वेळ आली की? त्यांना आणू का इथे?"

साडेपाचला ती पुन्हा आत गेली आणि सगळी कार्डं परत घेऊन आली. तेवीस सीलबंद, चोविसावं बिस्कीट कागदाच्या पुडीत.

"हे तरी तुला परत सील करता येईल," मी म्हणालो.

"हाताला येतं. पण फुटलेलं कार्ड माझ्या हाताने जोडलं तरी ते खोटंच."

चार मजले आम्ही चढलो. दार उघडंच होतं. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, अंगात धुतलेला सदरा, पायात चपला. दोन वर्षं खोक्यात पडलेल्या त्या चपला शेजारणीकडून पुसून घेतल्या होत्या त्याने. मांडीवर कपड्यांचं गाठोडं.

"टेम्पो आला का?" त्याने विचारलं.

मावशी त्याच्यासमोर खाली बसली आणि त्याच्या पायातली एक चप्पल काढली. मग दुसरी.