कलेजीचे हात

केजच्या माझ्या दवाखान्यात युसूफ वडगाव या गावचे एक मटणवाले काका येत. हार्ट अटॅक येऊन स्टेंट बसवलेला. स्टॅटिनची गोळी पूर्ण मात्रेत, एक दिवसही न चुकवता घेत होते. तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, अडुसष्टवर अडकलेलं. अटॅक येऊन गेल्यामुळे ते पंचावन्नच्या खाली असायला हवं होतं.

"तेल कमी केलं, मटण सोडलं. आता कावून उतरंना, मॅडम?"

मी कागदावर यकृत काढलं. "कोलेस्टेरॉल बरंचसं इथंच बनतं. स्टॅटिन ते बनणं कमी करतं. मग यकृताला तुटवडा पडतो, आणि ते जणू जादा हात काढून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं."

काका चित्राकडे बघतच राहिले. "ही तर कलेजी! आन् तिला हात?"

"हो. आता सोबत इझेटिमाइब नावाची गोळी देते. अन्नातलं आणि पित्तातून आतड्यात उतरलेलं कोलेस्टेरॉल ती परत आत शिरू देत नाही. मग यकृत रक्तातून आणखी ओढतं."

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. एकावन्न.

"गोळ्या बंद करू?"

"नाही. बंद केल्या की ते हात पुन्हा कमी होतील."

काकांनी मान डोलावली. "तीस वर्षं रोज कलेजी हातात धरली, मॅडम. लई गुणाची हाय, ठावंच नव्हतं."

हे सगळं मी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. थक्क मात्र त्या दिवशी पहिल्यांदा झाले.