नात्याच्या रकान्यात खानावळ

साधनानं कंपनीच्या एचआर ऑफिसला पहिलं पत्र लिहिलं ते आकुर्डीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, दोन पेशंटच्या मधल्या वेळात. वडील जाऊन पाच आठवडे झाले होते. आधी तिनं इंग्रजीत लिहून पाहिलं, पण ते वाचताना आपण कुणा परक्याबद्दल लिहितोय असं वाटायला लागलं. मग सरळ मराठीत लिहिलं.

‘माझे वडील प्रभाकर धोंडिबा ढमाले, टोकन नंबर ३१८, प्रेस शॉप, हे नोकरीत असतानाच ११ मार्चला वारले. त्यांचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि आईची पेन्शन यांसाठी काय कागद द्यायचे ते कळवावं. आई शालनबाई मोशीला राहते. फोन माझ्या नंबरवर करावा, कारण आईचा फोन डब्यात असतो.’

शेवटचं वाक्य खोडावं की नाही यावर ती जरा घुटमळली. पण ते खरं होतं. आई फोन स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवायची आणि त्याची रिंग तांदळात मुरून जायची. वाक्य तसंच राहिलं.

प्रभाकर ढमाले मंचरच्या पलीकडचे. आईबाप लहानपणीच गेले, चुलत्यानं वाढवलं, आणि अंगापिंडानं बरा झाल्यावर शेत आमचं, तू तुझं बघ म्हणून वाटेला लावलं. ते भोसरीला आले आणि एका छोट्या प्रेसिंगच्या कारखान्यात चिकटले. पुढं कारखाना मोठा झाला, चाकणला गेला. त्याच्याबरोबर हेही गेले. जवळजवळ तीस वर्षं पत्र्याला आकार देत राहिले आणि दहाही बोटं शाबूत घेऊन घरी येत राहिले, याचा त्यांना मनातून अभिमान होता. कुणी नोकरीबद्दल विचारलं तर पंजे उघडून दाखवायचे. एवढंच उत्तर. पहिल्या शिफ्टला निघताना एक दिवस बुटाची लेस बांधायला जिन्यात बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. अठ्ठावन्न पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते.

एचआरचं उत्तर तीन दिवसांत आलं. लिहिणारा क्षितिज नावाचा मुलगा होता. ग्रॅच्युइटीच्या फॉर्मवर वारस म्हणून शालनबाईंचं नाव आहे, ती कंपनीच देईल, त्यात अडचण नाही. पण पीएफच्या जुन्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून कस्तुरा नावाच्या बाईंचं नाव आहे. तरी त्यांनी आधार कार्ड आणि पासबुक घेऊन ऑफिसला यावं.

साधनानं ते दोनदा वाचलं. संध्याकाळी मोशीला गेली आणि आईला वाचून दाखवलं. शालनबाई मेथी निवडत होत्या. हात थांबला.

“ही कस्तुरा कोण गं?”

“मी तुलाच विचारणार होते.”

“त्यांच्या चुलत्याच्या घरात कुणी कस्तुरा न्हाई. माझ्या माहेरात न्हाई.” त्यांनी पुन्हा मेथीला हात घातला आणि देठांबरोबर पानंही फेकायला सुरुवात केली. “सुट्टीच्या दिवशी भोसरीला जायचे मधूनमधून. दाढी करायला. मोशीत काय न्हावी न्हाईत?”

“आई, दाढी करूनच यायचे ना?”

“यायचे खरे,” शालनबाई म्हणाल्या. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

साधनाचा नवरा रणजीत टेम्पोचा धंदा करायचा. माणूस हलका-फुलका. तो म्हणाला, “हे बघ, ज्याला तुझ्या बारशाला आणि तुझ्या लग्नाला एकच शर्ट पुरला, तो माणूस दोन संसार काय करणार?” साधनाला हसू आलं, पण आईला हे सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून अर्धी रजा टाकून ती स्कूटरवर चाकणला गेली. क्षितिज पत्रातल्यापेक्षा प्रत्यक्षात बराच साधा निघाला. सहा महिन्यांपूर्वीच नोकरीला लागलेला, समोर कुणाच्या दुःखाची फाईल आली की पाणी विचारत सुटणारा.

“ताई, ऑनलाइन नॉमिनेशन करा म्हणून सगळ्यांना मेसेज जायचे. काका म्हणायचे, फोटो नीट येऊ दे, मग करतो.” तो ओशाळून म्हणाला. “म्हणून जुनाच फॉर्म आहे. स्कॅन दाखवू का?”

त्यानं स्क्रीन तिच्याकडं वळवली. १९९६ सालचा पिवळट कागद. वडिलांचं अक्षर, तेव्हाही तसंच, प्रत्येक अक्षर जणू दाबून कापलेलं. नॉमिनीचं नाव: कस्तुरा. पत्ता: भोसरी, लांडेवाडी, चक्कीशेजारी. आणि पुढच्या रकान्यात, जिथं सभासदाशी असलेलं नातं लिहायचं, तिथं त्यांनी लिहिलं होतं: खानावळ.

 साधनानं फोन काढून त्याचा फोटो घेतला आणि तिथूनच आईला लावला. चौथ्यांदा लावल्यावर डब्यातून आवाज आला.

“आई, नातं काय लिहिलंय माहितेय? खानावळ.”

 पलीकडं शालनबाई हसल्या. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. “मेस लावली होती म्हणं एका बाईकडं, लग्नाच्या आधी. मला सांगितलं होतं. नाव न्हाई सांगितलं.”

आईचं समाधान झालं तरी क्षितिजचं घोडं अडलेलंच होतं. त्याचं म्हणणं, नाव ज्याचं पैसे त्याचे. साधनाला ते पटेना. येताना ती आकुर्डीला पीएफच्या कचेरीत गेली. चौकशीच्या खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

“हा फॉर्म भरला तेव्हा वडिलांचं लग्न झालं होतं?”

“नाही. लग्न अठ्ठ्याण्णव साली.”

“आईवडील?”

“आधीच वारलेले.”

“मग त्या वेळी कुणाचंही नाव टाकायची त्यांना मुभा होती. पण लग्न झालं, कुटुंब झालं, की ते नॉमिनेशन आपोआप बाद. नवीन करायचं असतं. लोक करत नाहीत.” त्यांनी चष्मा खाली आणला. “आता कुटुंबात कोण?”

“आई आणि मी. माझं लग्न झालंय.”

“मिस्टर आहेत ना?”

“आहेत.”

“मग तुमचा वाटा नाही. नॉमिनेशन नसेल तर नवरा हयात असलेल्या मुलीला यातलं मिळत नाही. सगळं आईचं. कोर्टाचा वारस दाखला वगैरे काही आणू नका, उगाच खर्च. कुटुंबाची यादी कंपनीच्या सही-शिक्क्यानं आणा. पीएफ, विम्याची रक्कम आणि विधवा पेन्शन, तिन्हीला एकच फॉर्म आहे. आणि कंपनीला सांगा, नोकरी संपल्याची तारीख ऑनलाइन टाका, कारण ‘मृत्यू’ निवडा. ते राहिलं की सगळं राहतं.”

त्या रात्री दुसरं पत्र झालं. ‘वडिलांनी हे नॉमिनेशन १९९६ साली, लग्नाआधी केलं. १९९८ साली त्यांचं लग्न झालं. म्हणून पीएफ योजनेच्या नियमाप्रमाणं ते आता लागू नाही. मी त्यांची एकुलती मुलगी. मी विवाहित असून माझे पती हयात आहेत, त्यामुळे माझा हिस्सा येत नाही आणि मला तो नकोही आहे. पूर्ण रक्कम आणि पेन्शन आईला मिळावी.’ खाली जोडलेल्या कागदांची नावं: मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आईचं आधार, पासबुकाची प्रत, फोटो.

रणजीतनं वाचलं. “पती हयात आहेत. हे मला विचारून लिहायचंस.”

पत्रानं काम केलं. क्षितिजनं ते त्याच्या साहेबांना दाखवलं, साहेबांनी कंपनीच्या पीएफ सल्लागाराला विचारलं, आणि चार दिवसांनी क्षितिजचा फोन आला. “ताई, तुमचं बरोबर आहे. आमचं चुकलं. आईंना सहीला घेऊन या.” शालनबाईंनी फॉर्मवर पाच ठिकाणी सह्या केल्या. सहावीच्या वेळी म्हणाल्या, “लग्नात सुद्धा एवढं लिहून घेतलं न्हवतं.” क्षितिजनं कुटुंबाच्या यादीवर शिक्का मारला आणि सगळं पीएफ कचेरीला पाठवून दिलं.

काम खरं तर इथं संपलं होतं. पण गाडीवर बसताना शालनबाई म्हणाल्या, “त्या बाईला सांगायला पायजे.”

“कुणाला?”

“कस्तुराला. दोन वर्षं माझ्या नवऱ्याला जेवायला घातलं. तो गेला हे तिला कळलं असंल का?”

रविवारी दोघी लांडेवाडीत गेल्या. चक्की अजून होती. चक्कीवाल्यानं बोट दाखवलं. खानावळ बंद होऊन दहा वर्षं झालेली. वरच्या खोलीत कस्तुराबाई लेकाकडं राहत होत्या. पंच्याहत्तरीच्या, काटक, कानात सोन्याच्या कुड्या. साधनानं वडिलांचं नाव सांगितलं. म्हातारीनं आधी शालनबाईंच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं आणि काही न विचारता त्यांचा हात धरून आत नेलं.

“महिना-दोन महिन्यांनी यायचा,” ती म्हणाली. “दाढी करून. दहा मिनिटं बसायचा, च्या प्यायचा, जायचा. होळी झाली तवाधरनं आला न्हाई. मला वाटलं, कामात असंल.”

साधनानं फोनमधला फोटो दाखवला आणि वाचून सांगितलं. म्हातारी पोरीसारखी लाजली, मग रागावल्यासारखं करून म्हणाली, “मला ठाऊक हाय की. कारखान्यातला क्लार्क म्हणं, नाव टाक, न्हाईतर फॉर्म घेत न्हाई. इथं येऊन सांगितलं त्यानं, मावशी, मी मेलो की पैसं तुला. मी म्हणलं, भाकरी खाऊन असं बोलतोस व्हय? ताट वढून घेतलं होतं.”

“ते नाव आता चालत नाही,” साधना हळूच म्हणाली. “पैसे आईला मिळणारेत.”

“मग काय मला? मिळायलाच पायजेत.” तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. ती उठली आणि पिठाचा डबा ओढला. नको म्हणायची दोघींची टाप नव्हती. थापता थापता म्हणाली, “भाजी वांग्याची केलीया सुनेनं. तुमी खाता न्हवं? परबा हात लावायचा न्हाई वांग्याला. त्याच्यासाठी निराळी डाळ करावी लागायची.”

शालनबाई म्हणाल्या, “माझ्याकडं तर खायचे.”

“वांगं?”

“सत्तावीस वर्षं. दर बाजारच्या दिवशी. मागून घ्यायचे.”

कस्तुराबाईंनी तव्यावरची भाकरी उलटायची थांबवून त्यांच्याकडं बघितलं. “मग तुझ्या हाताला चव असंल,” ती म्हणाली.

जेवून निघाल्या.  मोशीला घराच्या दारात शालनबाईंनी स्कूटरवरून उतरून पदर सारखा केला, कुलपात किल्ली घातली आणि म्हणाल्या, “एकदा तरी सांगायचं ना माणसानं.”

तीन आठवड्यांनी पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. पेन्शन पुढच्या महिन्यापासून. मेसेज आधी साधनानंच वाचला, कारण आईचा फोन डब्यात होता.